रोलरच्या दुरुस्तीचा रुपया कोणत्या पोत्यावर चढवायचा?

हिशेबशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य हमखास भेटतं. जुळणीचं तत्त्व आणि सावधगिरीचं तत्त्व यांच्यात विरोध आला तर सावधगिरीचं ऐकावं. परीक्षेत हे लिहिलं की गुण मिळतात, त्यामुळे पुढे कुणी विचारत नाही. हे वाक्य आलं इंग्लंडमधल्या १९७१ च्या एका मानकातून, एसएसएपी २ मधून. त्यात ते जवळजवळ याच शब्दांत होतं. आपल्याकडच्या एएस १ मध्ये मात्र असा निकाल दिलेला नाही. तिथे उपार्जन हे मूलभूत गृहीत आहे आणि सावधगिरी ही हिशेबाची धोरणं निवडताना विचारात घ्यायची गोष्ट आहे. तरी आपण शिकवतो ते इंग्लंडचंच वाक्य! आमचं म्हणणं असं की हे वाक्य प्रश्न सोडवत नाही, प्रश्न कुठे आहे तेच झाकून टाकतं. ते दाखवायला आज आम्ही साखर कारखाना घेतला आहे.

आधी दोन व्याख्या, थोडक्यात. ज्या उत्पन्नासाठी खर्च केला, ते उत्पन्न ज्या काळात दाखवाल त्याच काळात तो खर्च दाखवा, ही जुळणी. तोटा दिसू लागला की नोंदवा, नफा मात्र हाती येईपर्यंत धरू नका आणि मालमत्ता फुगवू नका, ही सावधगिरी.

आता कारखाना. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मग धुराडं थंड. पण खर्च थंड होत नाही. मिलचे घासलेले रोलर काढायचे, बॉयलरच्या नळ्या बदलायच्या, टर्बाइन उघडायचं, कायम कामगारांचे पगार द्यायचे, हंगामी कामगारांना रिटेन्शन भत्ता द्यायचा. याला कारखान्यात ऑफ सीझनचा खर्च म्हणतात. या महिन्यांत साखरेचं एक पोतंही तयार होत नाही. विक्री चालू असते, पण ती मागच्या हंगामातल्या साखरेची. मग मे महिन्यात रोलरवर खर्चलेला रुपया कोणत्या पोत्यावर चढवायचा? जुळणी म्हणते, येत्या हंगामाच्या पोत्यावर, कारण रोलर त्याच्यासाठीच दुरुस्त झाला. सावधगिरी म्हणते, ते पोतं कुठे आहे? ऊस अजून शेतात आहे.

एक काल्पनिक कारखाना धरू. सामान्य वर्षात ६ लाख टन ऊस गाळतो, उतारा ११ टक्के, म्हणजे ६ लाख ६० हजार क्विंटल साखर. एप्रिल ते ऑक्टोबर ऑफ सीझनचा खर्च १३ कोटी २० लाख. भागिले तर क्विंटलमागे २०० रुपये. सोयीसाठी हंगाम मार्चअखेर संपला असं समजा. ३१ मार्चला वर्ष बंद होतं तेव्हा या साखरेपैकी २ लाख २० हजार क्विंटल विकली गेली आहे, ४ लाख ४० हजार क्विंटल गोदामात आहे. क्विंटलमागच्या २०० रुपयांच्या हिशेबाने ऑफ सीझनच्या खर्चातले ४ कोटी ४० लाख या वर्षीच्या नफा-तोट्यात गेले आणि ८ कोटी ८० लाख साठ्याच्या किमतीत बसून पुढच्या वर्षात गेले.

याला कुणी बेसावध म्हणेल का? आम्ही नाही म्हणणार. कारखान्याची दुरुस्ती हा उत्पादनाचाच स्थिर खर्च आहे, आणि साठ्याच्या मानकाने, म्हणजे एएस २ ने, तो मालाच्या किमतीत धरायला सांगितलं आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की त्या ८ कोटी ८० लाखांच्या खाली मोजता येणारी पोती आहेत. लेखापरीक्षक गोदामात जाऊन थप्प्या मोजू शकतो.

सावधगिरी इथे दोन ठिकाणी दार अडवून उभी असते. पहिलं ठिकाण सर्वांना माहीत आहे. खर्च किंवा विक्रीतून निव्वळ हाती येणारी रक्कम, यांत जे कमी त्या भावाने साठा धरायचा. मळी-बगॅसचं उत्पन्न वजा जाता आपल्या साखरेचा खर्च क्विंटलला ३३०० पडला आणि विक्रीखर्च जाऊन हाती ३२०० येणार असतील, तर क्विंटलमागे १०० रुपये आत्ताच सोडायचे. ४ कोटी ४० लाख रुपये गेले. जुळणीने पुढे ढकललेल्या रकमेच्या निम्मे सावधगिरीने परत ओढले म्हणा. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने साखरेचा किमान विक्री दर ३१०० केला. त्याच भावाने माल जाणार असेल आणि विक्रीखर्च ५० असेल तर हाती ३०५० येतात. मग ११ कोटी सोडावे लागतील. ऑफ सीझनचा पुढे ढकललेला सगळा खर्च त्यात जातो आणि वर उसाच्या किमतीतलाही काही भाग.

दुसरं ठिकाण विद्यार्थ्यांच्या लक्षात राहत नाही, पण आम्हाला तेच जास्त मोलाचं वाटतं. दुष्काळ पडला. महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. २०१८-१९ च्या हंगामात सुमारे १०७ लाख टन साखर झाली होती, दुष्काळ आणि मग कोल्हापूर-सांगलीचा पूर यांनंतर २०१९-२० मध्ये ती सुमारे ६२ लाख टनांवर आली. आपल्या कारखान्यात निम्मीच, ३ लाख ३० हजार क्विंटल साखर झाली असं समजा. ऑफ सीझनचा खर्च तेवढाच, कारण दुरुस्ती मे महिन्यातच होऊन गेली. साध्या भागाकाराने क्विंटलमागे ४०० रुपये येतात. वर्षअखेर २ लाख २० हजार क्विंटल शिल्लक राहिली तर साठ्यात पुन्हा ८ कोटी ८० लाख, आणि नफा-तोट्यात पुन्हा ४ कोटी ४० लाख. गंमत बघा, दुष्काळी वर्षाचं आणि भरघोस वर्षाचं चित्र अगदी सारखं! कारखाना निम्मं वर्ष रिकामा उभा होता हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

मानक हे चालू देत नाही. स्थिर खर्च सामान्य क्षमतेवर वाटायचा, म्हणजे दर २०० च. मग ६ कोटी ६० लाख साखरेवर चढतात आणि उरलेले ६ कोटी ६० लाख सरळ त्या वर्षीचा तोटा म्हणून जातात. साठ्यात राहतात ४ कोटी ४० लाख. हा नियम सावधगिरीचा की जुळणीचा? आमच्या मते दोन्हींचा. पाऊस पडला नाही म्हणून रिकामी राहिलेली मिल कुठल्याही पोत्यासाठी राबलेली नाही. त्या खर्चाला जोडीदारच नाही, मग जुळणी कशाची करणार? पाठ्यपुस्तक जिथे भांडण सांगतं तिथे दोन्ही तत्त्वं एकच बोट दाखवतात.

अर्थात ‘सामान्य’ म्हणजे किती, यात मेख आहे. सामान्य परिस्थितीतल्या काही हंगामांची सरासरी घ्या, असं मानक सांगतं. पण ज्या भागात दर तीन-चार वर्षांनी ऊस जळतो, तिथे दुष्काळ असामान्य म्हणायचा का? दुष्काळी वर्षं सरासरीत धरून क्षमता ५ लाख २८ हजार क्विंटल काढली तर दर २५० होतो आणि साठा लगेच वाढतो. म्हणून सामान्य क्षमतेचा आकडा वर्षागणिक बदलत गेलेला दिसला, तर तिथे थांबून कारण विचारावं.

हे केवळ आकड्यांचं प्रकरण नाही. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा हाच मालक. एफआरपीच्या वरचा हप्ता किती द्यायचा याची चर्चा याच शिलकेवर होते. साठा फुगवला की यंदाच्या ऊस उत्पादकाला जादा हप्ता मिळू शकतो आणि पुढच्या वर्षी ती साखर कमी भावाने गेली की भार पुढच्या वर्षी ऊस घालणाऱ्यावर पडतो. उलटही खरं आहे, आणि हे कुणी सांगत नाही. सगळा ऑफ सीझन यंदाच खर्ची टाकला तर यंदाचा सभासद पुढच्या वर्षी विकल्या जाणाऱ्या साखरेची दुरुस्ती भरतो, आणि पुढच्या वर्षीचा नफा आयता वाढतो. एका वर्षाची सावधगिरी ही पुढच्या वर्षाची उधळपट्टी होऊ शकते.

आता खरं भांडण कुठे होतं ते पाहू. ते तिमाही निकालांत होतं, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या साखर कंपन्यांच्या बाबतीत. जून आणि सप्टेंबरच्या निकालांखाली एक टीप वर्षानुवर्षं दिसत आली आहे: ऑफ सीझनचा अमुक इतका खर्च, उरलेल्या वर्षात तयार होणाऱ्या साखरेच्या खर्चात धरण्यासाठी, पुढे ओढला आहे. समर्थन असं की वर्षअखेर तो साखरेतच जाणार आहे, मग सप्टेंबरमध्ये तोटा दाखवून लोकांना कशाला घाबरवायचं? युक्तिवाद पोकळ नाही. जूनमध्ये विकलेल्या साखरेवर तिच्या वेळचा ऑफ सीझन आधीच चढलेला आहे. तिच्याच डोक्यावर दुसराही टाकला तर तिमाही विचित्र दिसणारच.

पण अंतरिम अहवालाचं मानक, इंड एएस ३४, एक कसोटी देतं. जो खर्च वर्षअखेरीला पुढे ढकलणं योग्य ठरलं असतं, तोच तिमाहीअखेर ढकलावा. ही कसोटी लावून बघा. दुष्काळी वर्षी कारखाना फेब्रुवारीतच बंद झाला आणि मार्चमध्ये पुढच्या हंगामासाठी १ कोटीची दुरुस्ती उरकली. ३१ मार्चला हा १ कोटी मालमत्ता म्हणून दाखवता येईल का? येणार नाही. गोदामातल्या साखरेशी त्याचा संबंध नाही आणि पुढची साखर अस्तित्वात नाही. दुरुस्तीने मिल पूर्वीसारखी झाली, नवी मालमत्ता आली नाही. जे ३१ मार्चला चालत नाही ते ३० सप्टेंबरला का चालावं? दोन्ही तारखांना रकमेच्या खाली पोतं नाही, शेतातला ऊस आहे. ऑगस्टमध्ये पूर आला की तोही नाही.

म्हणून ती टीप आम्हाला कमकुवत वाटते. आणि ती मोडायला ‘सावधगिरी वरचढ’ हे वाक्य लागत नाही. खर्च कशाला जोडला आहे आणि ती वस्तू आज आहे का, एवढं विचारलं की पुरतं. तिमाही ओबडधोबड दिसण्यावर त्याच मानकात उपाय आहे. धंदा फार हंगामी असेल तर तिमाहीअखेरच्या मागल्या बारा महिन्यांचे आकडे सोबत द्यावेत, असं ते सुचवतं. त्यात एक पूर्ण हंगाम आणि एक पूर्ण ऑफ सीझन येतो. ज्यांना खर्च ढकलायचाच आहे त्यांनी निदान टिपेत दोन आकडे जोडावेत: किती टन ऊस धरून दर काढला आणि त्यातल्या किती उसाची कारखान्याकडे नोंद झाली आहे. आज त्या टिपेत रुपये असतात, ऊस नसतो.