परीक्षाताण-सर्वेक्षणाचे माहितीपत्रक : ‘माघार’ या शब्दाची चिकित्सा

महाविद्यालयीन पातळीवरील छोट्या सर्वेक्षणांत प्रश्नावलीवर जितके परिश्रम घेतले जातात, तितके सहभागींसाठीच्या माहितीपत्रकावर घेतले जात नाहीत. हे पत्रक बहुधा जुन्या नमुन्यावरून उतरविले जाते. प्रस्तुत लेखात अशा पत्रकातील एकाच कलमाचा, म्हणजे सर्वेक्षणातून बाहेर पडण्याच्या अधिकाराचा, विचार केला आहे.

विवेचनासाठी एक प्रातिनिधिक प्रसंग गृहीत धरू. द्वितीय वर्ष कला शाखेचे 60 विद्यार्थी, परीक्षेच्या ताणाविषयी 20 प्रश्नांची कागदी प्रश्नावली, नाव लिहावयाचे नाही, आणि प्रश्नावली वाटणारे त्याच वर्गाला शिकविणारे प्राध्यापक. पत्रकातील नेहमीचे वाक्य असे असते : ‘सहभागींना कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, सदर सर्वेक्षणातून माघार घेण्याचा अधिकार अबाधित राहील.’

या वाक्याचा पहिला दोष भाषेचा आहे. ‘अबाधित’ हा शब्द अवघड आहे, पण त्याहून घातक शब्द ‘माघार’ हा आहे. मराठीत माघार रणांगणातून घेतली जाते, निवडणुकीतून घेतली जाते. तिला पराभवाची छटा आहे. परीक्षेच्या भीतीने आधीच खचलेल्या विद्यार्थ्याला ‘तू माघार घेऊ शकतोस’ असे सांगणे म्हणजे त्याच्यापुढे आणखी एक नापास होणे ठेवणे होय. ‘थांबणे’ हे साधे क्रियापद येथे पुरेसे आहे. ‘आपण’ हे सर्वनामही टाळावे. ‘आपली माहिती’ म्हणजे तुमची की आपणा सर्वांची, हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते. ‘तुम्ही’ म्हटल्याने आदर कमी होत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे : ते वाक्य खरे नाही. नाव नसलेली प्रश्नावली एकदा गठ्ठ्यात मिसळली की ती कोणाची हे संशोधकालाही ओळखता येत नाही. मग ‘कोणत्याही टप्प्यावर’ बाहेर पडणार कसे? निनावीपणा आणि नंतर उत्तरे काढून घेण्याची सोय ही दोन्ही आश्वासने एकाच पत्रकात दिली जातात व एक दुसऱ्याला खोडते. (निनावीपणाही पुष्कळदा नावापुरताच. लिंग, तालुका व ऐच्छिक विषय विचारले की 60 जणांच्या वर्गात संस्कृत घेतलेला एकुलता एक मुलगा लगेच ओळखू येतो.)

मार्ग अवघड नाही. प्रत्येक प्रश्नावलीवर एक क्रमांक छापावा, तोच क्रमांक विद्यार्थ्याजवळ राहणाऱ्या माहितीपत्रकावर असावा आणि गठ्ठा पिसून वाटप करावे, म्हणजे कोणता क्रमांक कोणाकडे गेला याची कोठेही नोंद राहणार नाही. विचार बदललेल्या विद्यार्थ्याने 15 दिवसांच्या आत तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून ग्रंथालयातील पेटीत टाकावा. ती प्रश्नावली नष्ट केली जाईल. मुदत संपल्यावर उत्तरे एकत्र केली जातील आणि त्यानंतर ती काढता येणार नाहीत, हेही स्पष्ट लिहावे. मर्यादा सांगितल्याने अधिकार आक्रसत नाही. उलट तो वापरता येतो.

वर्गात बसल्याबसल्या थांबावयाचे असेल तर? 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेने प्रयोग मध्येच थांबविण्याचे स्वातंत्र्य प्रयोगाधीन व्यक्तीला दिले. परंतु अंतर्गत गुण देणाऱ्या प्राध्यापकांसमोर 59 जण लिहीत असताना उठून जाणे कोणाला जमेल? म्हणून सर्वांनी ठरलेला वेळ बसावे व कोरी असो वा भरलेली, घडी घातलेली प्रश्नावली एकाच पेटीत टाकावी. प्राध्यापकांनी तेवढा वेळ वर्गाबाहेर थांबावे. त्यानुसार कलमाचा मजकूर असा होईल :

‘ही प्रश्नावली भरायची की नाही, हे तुम्ही ठरवायचे. नको असेल तर कोरी ठेवा. मध्येच थांबलात तरी चालेल. कोरी प्रश्नावलीही घडी घालून पेटीत टाका. कोणी भरली, कोणी नाही, हे शिक्षकांना कळणार नाही. तुमच्या गुणांवर परिणाम होणार नाही. नंतर उत्तरे काढून घ्यावीशी वाटली तर या पत्रकावरचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून 15 दिवसांत ग्रंथालयातील पेटीत टाका. त्यानंतर ती काढता येणार नाहीत.’

निनावी उत्तरात कोणी तीव्र अस्वस्थता लिहिली तर त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून ‘या सर्वेक्षणात कोणताही धोका नाही’ या वाक्याऐवजी, 2022 मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक पत्रकावर असणे उचित. अकरावी-बारावीच्या वर्गात हेच सर्वेक्षण घेतल्यास विद्यार्थ्यांच्या होकारासोबत पालकांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याचा विचार आहे.

पत्रक समजले की नाही, हे सहीवरून कळत नाही. छपाईपूर्वी तीन-चार विद्यार्थ्यांना ते वाचावयास देऊन एवढेच विचारावे : ‘दहाव्या प्रश्नाशी थांबावेसे वाटले तर काय कराल?’ ‘सरांना विचारू’ असे उत्तर आले, तर कलम पुन्हा लिहावे लागेल. आणि प्रत्यक्ष सर्वेक्षणात 60 पैकी 60 प्रश्नावल्या पूर्ण भरून आल्या, तर अहवालात त्याचा प्रतिसादाचे यश म्हणून उल्लेख करण्यापूर्वी प्राध्यापक त्या वेळी वर्गात कोठे उभे होते, हे तपासावे.