पत्त्यावरून ओळखलेली कादंबरी

मराठी कादंबरीच्या पेपरात एक प्रश्न शब्द इकडचे तिकडे करून पुन्हा पुन्हा येतो: ‘ग्रामीण वास्तववादी कादंबरी आणि नागर आधुनिकतावादी कादंबरी यांची तुलना करा.’ उत्तरही ठरलेलं असतं. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे माती, दुष्काळ, बोली, गावगाडा. उजवीकडे चाळ, गर्दी, एकटेपणा, संज्ञाप्रवाह. डावीकडे ‘बनगरवाडी’, उजवीकडे ‘कोसला’. मीही विद्यार्थी असताना ही रेघ ओढून गुण मिळवलेत, तेव्हा रेघ ओढणाऱ्या मुलांना मी बोल लावणार नाही.

सानपाड्याला माझ्याकडे रविवारी सकाळी एम.ए.ची चार-पाच मुलं बसतात. त्यातली एक मुलगी गावठाणातली, आगरी घरातली. तिच्या आजोबांची भातशेती नवी मुंबई वसवताना गेली. सिडको स्थापन झाली 1970 साली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी त्या आराखड्यात आल्या, त्यात सानपाडाही होतं. दुसरा मुलगा पाटण तालुक्यातला. त्याचे वडील एपीएमसीत माथाडी. मशीद बंदरचा घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याकडे हलला तेव्हा सातारा-सांगलीकडची ही माणसंही खाडीच्या अलीकडे आली. परीक्षेच्या तोंडावर मी हा तुलनेचा प्रश्न घेतला, तेव्हा ती मुलगी म्हणाली, “सर, आमच्या घरावर कुणी कादंबरी लिहिली तर ती रेघेच्या कुठल्या बाजूला टाकायची? पत्त्यात सेक्टर आहे, आणि आई गावदेवीची जत्रा चुकवत नाही.”

मी चहा पीत वेळ काढला. पण प्रश्न बरोबर होता आणि चूक पेपरातल्या प्रश्नात होती. ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ हे कादंबरीचे पत्ते आहेत. ‘वास्तववाद’ आणि ‘आधुनिकतावाद’ या लिहिण्याच्या रीती आहेत. पत्ता आणि रीत यांची जोडी लावून टाकली की तुलना करायला काही उरतच नाही, उत्तर प्रश्नातच छापलेलं असतं. शिवाय इतिहासही या जोडीला साथ देत नाही. मराठीत वास्तववादाचा पाया ज्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये भक्कम झाला, ती हरिभाऊ आपट्यांची कादंबरी पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांतली आहे. म्हणजे आपला वास्तववाद जन्माने शहरीच.

मग तुलना करायची कशाने? मी मुलांना एक साधी तपासणी सांगतो. कादंबरीचं कुठलंही पान उघडा आणि दोन गोष्टी बघा: निवेदन कोणत्या भाषेत आहे, आणि संवाद कोणत्या भाषेत आहेत.

‘बनगरवाडी’ (1955) घ्या. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो आणि तोच गोष्ट सांगतो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी बोलतात ते त्यांच्या बोलीत. मास्तर सांगतो ते स्वच्छ, कोरड्या प्रमाण मराठीत. हे दोन भाषांचं अंतर म्हणजेच पाहणारा आणि पाहिलेलं यांच्यातलं अंतर. शेकूचा एक बैल कमी पडतो आणि त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जोडीला स्वतः जू ओढते, हा प्रसंग माडगूळकर ज्या संयमाने सांगतात तो या अंतरामुळेच शक्य झाला आहे. मास्तर हळहळत नाही, भाष्य करत नाही, दिसलं ते सांगतो आणि पुढे जातो. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (1960) पुष्कळ अधिक दाहक आहे, पण तिथेही मांडणी हीच: कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि निवेदक तिच्याबद्दल ग्रंथभाषेत सांगतो. वास्तववादाचं खरं यंत्र हे आहे. वाचक निवेदकाच्या शेजारी, प्रमाण भाषेच्या ओट्यावर बसतो आणि गाव समोरून जातं.

आता ‘गोतावळा’ उघडा. साल 1971, लेखक आनंद यादव. इथे सांगणारा नारबा, मळ्यावरचा गडी. लग्न नाही, घर नाही. मालकाची जनावरं हाच त्याचा गोतावळा. आणि सगळं निवेदन त्याच्या बोलीत आहे, कागलकडच्या. अवतरणचिन्हांच्या आत काय आणि बाहेर काय, भाषा एकच. ओटा गेला. वाचकाला नारबाच्या डोक्यात शिरल्यावाचून इलाज राहत नाही, कारण तिथून बाहेर काढणारा, समजावून सांगणारा प्रमाण भाषेतला कुणी माणूसच या कादंबरीत नाही. मळ्यावर ट्रॅक्टर येतो, जनावरं जायला लागतात, आणि नारबाला ते आर्थिक बदल म्हणून कळत नाही. त्याच्यासाठी एकेक नातेवाईक उठून चाललेला असतो.

एक एकटा माणूस, त्याचं आत चाललेलं बोलणं, त्याच्या हातून सुटत जाणारं जग, आणि यंत्राने उपरं केलेलं जगणं. ही चार लक्षणं नाव न सांगता परीक्षकापुढे ठेवली तर तो बिनदिक्कत ‘नागर आधुनिकतावाद’ असा शेरा मारील. पण ‘गोतावळा’ डाव्या रकान्यात असते, कारण तिच्यात बैल आहेत. त्याच वर्षी आलेल्या रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’तही सांगणारी बाई मराठवाड्याच्या बोलीत अथपासून इतिपर्यंत सांगते. म्हणजे हे एकट्या यादवांचं धाडस नव्हतं. ज्याला आपण ग्रामीण वास्तववाद म्हणून एका गठ्ठ्यात बांधतो, त्याच्या पोटात 1971च्या सुमारास निवेदनाची उलथापालथ झाली होती. वर्गात आपण मात्र विषय शिकवत राहिलो.

‘कोसला’चा प्रकार उलट्या दिशेने तसाच. 1963 साली आलेल्या या कादंबरीला नागर आधुनिकतेचा मेरुमणी म्हणून शिकवतात, आणि पांडुरंग सांगवीकर तर खानदेशातल्या सांगवीचा. पुण्याला शिकायला जातो, होस्टेलात राहतो, मेस चालवण्याच्या भानगडीत पडतो, फजीत होतो आणि गावाकडे परततो. मनीचा, त्याच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू हा कादंबरीतला सगळ्यात खोल घाव. तो गावातल्या घरातला आहे, शहरी एकटेपणाशी त्याचा संबंध नाही. नेमाड्यांनीच पुढे देशीवाद मांडला, हे लक्षात घेतलं तर ‘कोसला’ला नागर म्हणणं जरा विनोदीच वाटतं. तिचं आधुनिकपण पुण्यात नाही, सांगण्याच्या पद्धतीत आहे. पांडुरंग सरळ कधी सांगतच नाही. रोजनिशीचं सोंग घेतो, बखरीचं घेतो, गंभीर विधान करतो आणि दुसऱ्याच वाक्यात त्याची टोपी उडवतो.

आणि इथे नारबा व पांडुरंग यांच्यातला खरा फरक हाती लागतो. दोघेही ‘मी’ म्हणतात, दोघेही बोलीचा, बोलण्याच्या लयीचा आधार घेतात, दोघेही एकटे. पण नारबाचा शब्दांवर विश्वास आहे. बैलाचं नाव घेतलं की बैल उभा राहतो. त्याचा काळ पेरणी, भांगलण, मळणीच्या क्रमाने चालतो, आणि तो क्रम मोडला हीच त्याची शोकांतिका. पांडुरंगाचा काळ पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, परीक्षा, सुट्टी असा चालतो, आणि त्या क्रमाला काही अर्थ आहे यावरच त्याचा विश्वास नाही. नारबाकडून जग काढून घेतलं जातं; पांडुरंगाच्या हातात ते असतं, पण त्याला ते खोटं वाटतं. तुलना करायची ती इथे. एका बाजूला हानी, दुसऱ्या बाजूला अविश्वास. या दोन अनुभवांना दोन वेगळी वाक्यं लागतात. नारबाचं वाक्य वस्तूंना धरून चालतं, पांडुरंगाचं स्वतःलाच चिमटे काढत.

भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ (1965) मध्ये आणला की चित्र आणखी गमतीचं होतं. पोक्या आणि त्याची नाक्यावरची टोळी ही मुंबईची, त्यांची भाषाही नाक्यावरची, निवेदनासकट. अत्र्यांनी या पुस्तकावर कडाडून टीका केली, ती त्यातल्या उघडेपणाबद्दल. पण रीतीच्या दृष्टीने पाहिलं तर पोक्या नारबाचा शहरातला चुलतभाऊ ठरतो. त्याच्याकडे पांडुरंगाची तिरकी चाल नाही. तो जे बघतो ते सांगतो, त्याच्या टोळीच्या शब्दांत, आणि त्या शब्दांबद्दल त्याला कसलाही संकोच वाटत नाही. माझ्या मते ‘वासूनाका’ हे मराठीतलं अतिशय कडक वास्तववादी पुस्तक आहे. ते आधुनिकतावादाच्या रकान्यात जाऊन बसलं याचं कारण केवळ मुंबई. शहरातला खरा आधुनिकतावादी प्रयोग बघायचा तर किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (1974) वाचावी. तिथे काळाचा क्रमच विस्कटलेला आहे आणि गणित चुकल्याची कबुली शीर्षकातच आहे.

हा नुसता जुना हिशोब नाही. आजची कादंबरी वाचतानाही हीच गफलत होते. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (2002) शेतीच्या अरिष्टाची म्हणून वाचली जाते आणि ती तशी आहेही. पण तिचा नायक एकनाथ हा पदव्या घेऊन घरी बसलेला तरुण आहे, म्हणजे पांडुरंगाने सांगवीला परतल्यावर पुढे काय झालं असतं, याचंच ते एक उत्तर वाटतं. मांडणी मात्र तिने ‘धग’चीच घेतली: निवेदक प्रमाण भाषेत, माणसं वऱ्हाडीत. मला ती विषयाने नवी आणि रीतीने मागे गेलेली वाटते. उलट कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, जिला 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, धरणामुळे उठलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या जनावराची गोष्ट बोलीच्या अंगाने सांगते. नारबाच्या गोतावळ्यातलं जनावर इथे रानात राहून माणसाला ओळखेनासं होतं. प्रयोग शहरात आणि परंपरा गावात, हे समीकरण अशा वेळी पार उलटं पडतं. शहरातल्या बाजूला अवधूत डोंगऱ्यांची ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’ (2012) अविश्वासाचा तो जुना धागा पुढे नेते, आवाज अजिबात न चढवता. बाकी शहरी कादंबरी मला बरीचशी सुबक आणि सुरक्षित दिसते.

गावठाणातल्या त्या मुलीला मी पुढच्या रविवारी उत्तर दिलं. तिच्या घराची गोष्ट आजीच्या आगरी बोलीत सांगितली, भाताच्या खाचरांची नावं घेत सांगितली, तर ती ‘गोतावळा’च्या शेजारी बसेल. तिने स्वतःच्या तोंडाने, लोकलमध्ये, सेक्टरच्या पाटीकडे तिरकं बघत सांगितली तर ‘कोसला’च्या. आणि बाहेरून आलेल्या माझ्यासारख्या मास्तरने सांगितली तर ‘बनगरवाडी’च्या, माडगूळकरांचा संयम जमला तर. घर तेच, खाडीही तीच. तिने विचारलं, हे पेपरात लिहिलं तर गुण मिळतील का. याची हमी मी देऊ शकलो नाही.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती आहे. एकदा ‘गोतावळा’, ‘कोसला’ आणि ‘वासूनाका’ यांतला एकेक उतारा नाव न छापता द्या, आणि सांगणारा कोण, कुणाशी बोलतोय, कुठल्या भाषेत, एवढंच विचारा. गाव की शहर हे विचारू नका.