पांढऱ्या चरबीची साक्ष

मांसाच्या दुकानात जाणकाराची नजर आधी चरबीवर जाते, पाटी तो नंतर वाचतो. म्हशीच्या मांसावरची चरबी शुभ्र आणि घट्ट असते, तर हिरव्या चाऱ्यावर वाढलेल्या गाईबैलाची पिवळसर. गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं का, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचंही कारण कळेल. चाऱ्यातलं कॅरोटीन म्हैस जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलते, गाय मात्र त्यातलं काही जसंच्या तसं चरबीत साठवते. पण या खुणेला मर्यादा आहे. धान्यावर पोसलेल्या बैलाची चरबीही पांढरी निघते. म्हणजे पिवळी चरबी दिसली तर ती म्हशीची नव्हे, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं, पण पांढरी दिसली तर निकाल राखून ठेवावा. नकार ठामपणे देणारी आणि होकार जपून देणारी ही खूण मला फार आवडते.

मग रंग. ताजा काप देताच दोन्हींचं मांस जांभळट दिसतं आणि हवा लागली की लाल होतं. पण म्हशीचा लाल गडद असतो, कारण स्नायूतलं मायोग्लोबिन हे रंगद्रव्य तिच्यात जास्त असतं. जनावराचं वय वाढतं तसं ते आणखी वाढतं. आपल्याकडे म्हैस बहुधा दूध आटल्यावरच खाटकाकडे येते, म्हणून ठेल्यावरचा तो काळपट लाल शिळेपणाचा नसून वयाचा असतो. शिळेपणा तपकिरी छटेत, चिकट पृष्ठभागात आणि वासात कळतो. एकाच रंगात जात आणि वय दोन्ही वाचता येणं, ही या मांसाची खरी गंमत.

काप उजेडात तिरपा धरला की तिसरी गोष्ट दिसते. चांगल्या बीफमध्ये चरबीच्या बारीक रेघा स्नायूच्या आत पसरलेल्या असतात, शिजताना त्या वितळतात आणि घास रसाळ होतो. म्हशीची चरबी बाहेरून आणि स्नायूंच्या मधून असते, सुरीनं सहज निघते. उरतं ते निखळ, बिनचरबीचं मांस. त्याचा नुसता खिमा तव्यावर कोरडा पडतो, म्हणून अनुभवी कबाबवाला काढलेली चरबी थोडी परत घालतो. कुठली काढायची आणि किती परत घालायची, यात त्याचा हात कळतो.

चिवटपणा हा म्हशीवरचा नेहमीचा आरोप. तो खरा आहे, पण दोष जातीपेक्षा वयाचा जास्त. वयाबरोबर स्नायूंना बांधणाऱ्या कोलॅजेनचे धागे एकमेकांत पक्के गुंततात. तरुण रेड्याचं मांस मऊपणात बीफच्या बरोबरीला येऊ शकतं. म्हाताऱ्या म्हशीतही कण्याच्या आतल्या बाजूचा अंडरकट कोवळा राहतो, कारण त्या स्नायूला श्रम कमी. त्याला पातळ काप आणि मोठी आच पुरते. नळीजवळच्या मांसाला मात्र झाकण ठेवून, पाण्यात, मंद आचेवर दोन-तीन तास द्यावे लागतात. तेव्हा कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटतो. कच्ची पपई चोळून हे साधत नाही. ती वरचा थर मऊ करते, आत पोचत नाही. ज्या धाग्यांनी दात दमतात, तेच रश्श्याला अंग देतात.

राहिली पाटी. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर वळू आणि बैल कापायलाही बंदी आहे, म्हैस मात्र कायद्यानं कापता येते. त्यामुळे मुंबई-पुण्यात मेन्यूवर ‘बीफ’ लिहिलेलं असलं तरी ताटात बहुधा म्हैसच असते. सुट्ट्या मांसाला तर लेबलच नसतं, तिथे शब्द खाटकाचा. याउलट निर्यातीचं खोकं नेमकं बोलतं. भारतातून गाईचं मांस निर्यात होऊच शकत नाही. आखातात किंवा मलेशियात पोचणाऱ्या गोठवलेल्या खोक्यावर ‘बोनलेस बफेलो’ असं लिहिलेलं असतं आणि अंगाचा कोणता भाग तेही. त्या ‘बोनलेस’मागे लाळ्या-खुरकताचं शास्त्र आहे. जनावर कापल्यावर मांस 2 अंशांच्या वर 24 तास ठेवतात. त्या काळात स्नायूत आम्ल तयार होऊन सामू 6 च्या खाली आला की तिथला विषाणू टिकत नाही. हाडांच्या मगजात आणि लसिका गाठींत तेवढं आम्ल बनत नाही, म्हणून हाडं आणि गाठी काढून टाकतात. गंमत अशी, की इतक्या काटेकोर लेबलाचं हे मांस अमेरिकी कृषी खात्याच्या जागतिक आकडेवारीत मात्र ‘बीफ’च्याच रकान्यात मोजलं जातं.

खोकं उघडून मांस सोललं, तुकडे झाले, मसाला लागला, की डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा संपतात. मग जात सांगते ती प्रयोगशाळेतली डीएनए चाचणी. तोवर, अखंड मांडी समोर टांगलेली असेल तर, पाटीपेक्षा तिच्या चरबीवर मी जास्त भरवसा ठेवीन.