शुभेच्छा, पाढे आणि मंगळवार

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या चौथीच्या वर्गशिक्षिकेने २०२५ च्या दिवाळीआधी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश टाकला. तो आधी सबंध वाचू.

«नमस्कार. चौथीच्या सगळ्या लेकरांच्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना दिवाळीच्या शुभेच्छा. यंदा पावसाने आपल्याकडचं बरंच नेलं. तरी सण आहे, दारात पणती लावा.

शाळा मंगळवारी, २८ ऑक्टोबरला सकाळी साडेदहाला भरेल. सोमवारी २७ तारखेला सुट्टीच आहे. मंगळवारपासून खिचडी मिळेल, डबा नको.

अभ्यास थोडा आहे. अंगणात मातीचा किल्ला करा. त्यावर मोहरी पेरा, कोणत्या दिवशी पेरली आणि कोणत्या दिवशी उगवली ते वहीत लिहा. विकतचे मावळे आणू नका. दिवाळीसाठी घरात आलेल्या सामानाची यादी करा, किमती लिहा, बेरीज करा. यादी छोटी असली तरी चालेल. १२ ते १५ चे पाढे पाठ करा, लिहून नकोत. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज या तीन दिवशी अभ्यास नाही.

ज्यांना कारखान्याला जायचं आहे त्यांनी लेकरू कोणाजवळ राहणार ते निघण्याआधी मला सांगा. ठेवायला कोणी नसेल तर वसतिगृहाच्या यादीत नाव घालू. सोबत न्यावंच लागलं तर हमी कार्ड घेऊन जा. मी शनिवारी सकाळी शाळेत आहे.»

पहिल्या वाक्यातच एक शब्द जास्तीचा वाटतो, तो म्हणजे आजीआजोबा. वर्गशिक्षक शुभेच्छा देतात त्या ‘पालकांना’, आणि त्या शब्दात सगळे आले असं गृहीत धरतात. बाईंनी आजीआजोबांना वेगळं काढून नमस्कार केला आहे. का, ते शेवटच्या परिच्छेदात कळतं. दिवाळीच्या आगेमागे या गावांतून ऊसतोडीसाठी जोडपी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एकदा गाडी भरली की पाचसहा महिने घराला कुलूप किंवा घरात म्हातारी माणसं. म्हणजे दुसऱ्या सत्रात या वर्गातल्या कित्येक मुलांचे ‘पालक’ आजी आणि आजोबाच असणार आहेत. अभ्यास त्यांनीच बघायचा, साडेदहाला शाळेत त्यांनीच पाठवायचं. संदेश त्यांनाही आहे हे पहिल्या ओळीतच सांगून ठेवलं आहे, तेही कारण न देता. पुढचा सगळा मजकूर या एका जोडशब्दावर उभा आहे.

दुसरं वाक्य लिहिणं फार अवघड होतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या पात्राबाहेर आल्या, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, कुठे शेताची मातीच खरवडून गेली. त्यानंतर महिन्याभरात दिवाळी. अशा वेळी ‘ही दिवाळी आपणांस सुखसमृद्धीची व भरभराटीची जावो’ हे तयार वाक्य चिकटवलं असतं तर कुणी रागावलं नसतं, पण कुणी वाचलंही नसतं. उलट टोकाला जाऊन सांत्वनाचे दोन परिच्छेद लिहिण्याचा मोह असतो, आणि शिक्षकांना तो जास्तच होतो, कारण भाषणाची सवय असते. बाईंनी पाच शब्दांत विषय संपवला: यंदा पावसाने आपल्याकडचं बरंच नेलं. त्यातलं ‘आपल्याकडचं’ मला फार मोलाचं वाटतं. ‘तुमचं’ म्हटलं असतं तर बाई पगारदार आणि गाव नुकसानीत असे दोन काठ झाले असते. काय नेलं याची यादी नाही. ज्याचं गेलं त्याला ते ठाऊक आहे.

मग तारीख. शाळा उघडण्याची तारीख सांगणं सोपं वाटतं, पण दर दिवाळीला घोटाळा इथेच होतो. ‘सुट्टी दि. १६ ते २७ पर्यंत’ अशी सूचना गेली की २७ ला शाळा आहे की नाही यावर अर्धा गट भांडतो. दुसऱ्या बाजूने ‘२८ पासून शाळा नियमित सुरू होईल’ एवढंच लिहिलं तर वार नसतो, आणि गावात माणसं तारखेपेक्षा वाराने चालतात, कारण आठवड्याचा बाजार वाराचा असतो. बाईंनी वार आधी घेतला, तारीख मग, वेळ शेवटी. त्यावर आणखी एक वाक्य खर्च केलं: सोमवारी २७ तारखेला सुट्टीच आहे. व्याकरणाने पाहिलं तर ते अनावश्यक आहे. पण बावीस वर्षं शिकवा की बावीस महिने, सोमवारी दप्तर घेऊन बंद फाटकाशी आलेलं एक तरी पोर प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं असतं. त्या ‘सुट्टीच’मधला च त्या पोरासाठी आहे.

आणि खिचडी. हे वाक्य शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांखालून निसटेल. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी शालेय पोषण आहार शिजणार की नाही, हा घरातल्या बाईसाठी खरा प्रश्न असतो. तांदूळ शिल्लक आहे का, स्वयंपाकीण परत आली का, यावर ते ठरतं. बाईंनी तशी चौकशी केल्याशिवाय ‘डबा नको’ असं लिहिलं नसणार. शाळा भरणार ही एक बातमी झाली आणि दुपारी जेवण मिळणार ही दुसरी. पहिल्या दिवसाची हजेरी दुसरीवर जास्त अवलंबून असते, हे जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शिक्षकाला विचारा.

तारीख अभ्यासाच्या आधी का ठेवली, हेही बघण्यासारखं आहे. बहुतेक संदेशांत क्रम उलटा असतो: शुभेच्छा, मग विषयवार अभ्यासाची लांब यादी आणि सगळ्यात खाली, ‘टीप’ म्हणून, शाळा कधी. यादी वाचतानाच माणूस थकतो आणि टीप राहून जाते. त्याहून वाईट म्हणजे पणत्यांच्या रंगीत चित्रावर सगळा मजकूर छापून पाठवणं. चित्र देखणं दिसतं, पण आठ दिवसांनी तारीख शोधायची तर शब्द टाकून सापडत नाही, आणि आजोबांच्या फोनवर ती अक्षरं वाचताही येत नाहीत. हा संदेश साध्या अक्षरांत आहे, कुणीही मोठ्याने वाचून दाखवू शकतं.

अभ्यासातला किल्ला हा या संदेशाचा सर्वांत सुंदर भाग. चौथीच्या मुलांना वर्षभर इतिहासात शिवछत्रपतीच असतात, त्यामुळे दिवाळीचा किल्ला इथे आपोआप अभ्यासक्रमात बसतो. पण ‘किल्ला करा आणि त्यावर दहा ओळी लिहा’ असं सांगितलं की काय होतं ते ठाऊक आहे: मोठी बहीण मार्गदर्शकातून दहा ओळी उतरवून देते, आणि अख्ख्या वर्गाचा निबंध ‘किल्ले हे आपल्या इतिहासाचे साक्षीदार आहेत’ने सुरू होतो. बाईंनी मोहरी पेरायला लावली. मोहरी घरात मिसळणाच्या डब्यात असतेच, वेगळी आणावी लागत नाही. ओल टिकली तर तीनचार दिवसांत कोंब दिसतात, माती वाळली तर लांबतं किंवा उगवतच नाही. म्हणजे प्रत्येक वहीत उत्तर वेगळं येणार. तीस वह्यांत ‘तीन दिवस’ असंच लिहिलेलं आलं, तर बाईंना वर्गात काय झालं ते लगेच कळेल. आणि ‘उगवली नाही’ असं लिहून आणणारा मुलगा त्या वर्गातला सगळ्यात खरा निरीक्षक असेल. शिवाय ही नोंद शेवटच्या रात्री बसून पुरी करता येत नाही. धनत्रयोदशीच्या सुमारास पेरलं तर भाऊबीजेपर्यंत गड हिरवा होतो, आणि मधल्या तीन दिवसांत अभ्यास नसला तरी मोहरी आपलं काम करतच राहते. हा योग बाईंनी जुळवून आणला की जुळला, सांगता येत नाही.

‘विकतचे मावळे आणू नका’ हे याच हाताचं आहे. प्लास्टरचे मावळे, तोफा, महाराजांची मूर्ती असा संच बाजारात मिळतो. ज्याच्या घरी तो येतो त्याचा किल्ला, आणि ज्याच्या घरी येत नाही त्याचा ढिगारा, असा वर्ग दोन भागांत पडतो. यंदा तर पडलाच असता. बाईंनी ऐपतीचा उल्लेख न करता सगळ्यांसाठी एकच नियम केला.

म्हणूनच सामानाच्या यादीपाशी मी अडखळतो. बेरजेसाठी खरा हिशोब, ही कल्पना एरवी चांगली आहे: एक किलो बेसन, अर्धा किलो डालडा, पावशेर शेंगदाणे, किमती खऱ्या, मूल आईबरोबर बसून लिहितं. पण या वर्षी काही घरांत सामान आलंच नसेल, आणि त्या मुलाला वहीत ते उघडं करावं लागणार. ‘यादी छोटी असली तरी चालेल’ हे वाक्य बाईंना ती अडचण दिसली होती याचा पुरावा आहे, तोडगा मात्र नाही. उलट ज्याची यादी छोटी आहे त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं होतं. दुकानातल्या दहा वस्तूंचे भाव विचारून या, असं म्हटलं असतं तर गणित तेच राहिलं असतं आणि घर झाकलेलं राहिलं असतं. एवढ्या जपून लिहिलेल्या मजकुरात हा एकच टाका सुटला आहे.

पाढे लिहून नकोत, हे मात्र झकास. लिहिलेले पाढे कुणाचेही असू शकतात, शिवाय ते तपासायचे म्हणजे बाईंचा पहिला आठवडा गेला. तोंडी पाढा फटाके वाजवता वाजवताही पाठ होतो, आणि मंगळवारी खिचडीच्या रांगेत उभं करून विचारता येतो.

शेवटच्या परिच्छेदात आवाज बदलतो. वरच्या ओळी सगळ्यांसाठी होत्या, या काही घरांसाठी आहेत, आणि कोणत्या ते गावाला माहीत आहे. तरी एकही नाव नाही. पर्याय कोणत्या क्रमाने आले ते पाहा: पहिला, लेकरू कोणाजवळ राहणार. दुसरा, हंगामी वसतिगृह, म्हणजे ज्या मुलांचे आईवडील तोडीला गेले त्यांची गावातच जेवणाखाण्याची सोय, जिची यादी वेळेत गेली तरच उपयोग. तिसरा, सोबत न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड, जे दाखवून जिथे पाल पडेल तिथल्या शाळेत बसता येतं. बाईंना काय व्हावंसं वाटतं ते या क्रमात आहे, पण ‘मुलांचे नुकसान करू नका’ असा उपदेश कुठेही नाही. ‘न्यावंच लागलं’ या दोन शब्दांत आईवडिलांची बाजू त्यांनी स्वतःच मांडून टाकली आहे. अभ्यासाच्या आणि तारखेच्या संदेशात हे घालण्याचं कारण साधं आहे: दिवाळीनंतर सांगून उपयोग नाही, तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात. त्या शनिवारी, १८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी होती आणि शाळेला सुट्टी लागलेली होती. तरी बाई शाळेत.

गटावर खाली नेहमीसारखे जोडलेले हात आले, पणत्यांची दोन चित्रं आली. शाळा कधी भरणार, असं यंदा कुणी विचारलं नाही. एकच प्रश्न आला, एका आईचा: पोरीच्या पाचवीतल्या भावाचं नाव पण वसतिगृहाच्या यादीत घेता का. बाईंनी लिहिलं, घेऊ, शनिवारी येताना दोघांची आधार कार्डं आणा.