‘लाइव्ह’ला सूट: निसर्ग वादळाची बातमी नेमकी कुणाला कळली असती?

आमच्या किनाऱ्यावर वादळाची चाहूल लागली की लोक म्हणतात, “बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला.” बावटा म्हणायचं, पण प्रत्यक्षात असतात ते उंच खांबावर चढवलेले शंकू आणि नळकांडी, आणि रात्री लाल-पांढरे दिवे. ज्या खलाशाला ऐकू येत नाही, त्यालाही हा इशारा पूर्ण कळतो. ज्याला दिसत नाही, त्याला मात्र अजिबात कळत नाही. म्हणजे एकच इशारा एकासाठी पूर्ण खुला आणि दुसऱ्यासाठी पूर्ण बंद. माध्यमांच्या सुगम्यतेवर संशोधन करायचं असेल तर हा बावटा डोक्यात ठेवा, कारण तो प्रश्न नीट विचारायला लावतो. ‘हे माध्यम सुगम्य आहे का?’ असं विचारून हाती काही लागत नाही. कोणती माहिती, कोणत्या वाटेनं, कुणाला आणि कधी पोचली, असं विचारावं लागतं.

आज या प्रश्नाच्या कसोटीवर एक सरकारी दस्तऐवज तपासू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार माहिती सुगम्य स्वरूपात मिळणं हा हक्क आहे, आणि आपत्तीच्या काळात संरक्षण मिळणं हाही. या कायद्याला धरून माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये कर्णबधिर प्रेक्षकांसाठी दूरचित्रवाणीची मानकं काढली. वृत्तवाहिन्यांनी दिवसातून किमान एक बातमीपत्र सांकेतिक भाषेसह द्यावं आणि वाहिन्यांनी आठवड्याला किमान एक कार्यक्रम कॅप्शनसह दाखवावा, हा त्याचा गाभा. दूरदर्शनवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कर्णबधिरांसाठी रविवारचं बातमीपत्र होतंच. त्या मानाने हे पुढचं पाऊल होतं हे मान्य करायला हवं.

पण याच मानकांत एक सूट आहे. थेट प्रक्षेपण, म्हणजे लाइव्ह क्रीडा आणि लाइव्ह बातम्या, यांना ती लागू नाहीत. पहिल्यांदा वाचताना मी हे वाक्य सहज ओलांडून गेले होते. नंतर ३ जून २०२० आठवला.

निसर्ग वादळाचं वेळापत्रक बघा. १ जूनला अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झालं. २ तारखेच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं. ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वाऱ्याने. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, मोबाईलचे टॉवर बंद पडले आणि बऱ्याच गावांत वीज कितीतरी दिवस आली नाही. म्हणजे टीव्हीचा जो काही उपयोग व्हायचा तो वादळ येण्याआधीच्या साधारण दोन दिवसांत. घर सोडायचं की नाही, होडी कुठे ओढायची, निवारा कुठल्या शाळेत, हे सगळं त्याच वेळात कळायला हवं होतं. आणि या दोन दिवसांत वाहिन्यांवर जे चाललं होतं ते जवळपास सगळं लाइव्ह, म्हणजे सुटीच्या कलमात बसणारं.

थोडक्यात, नियम पाळूनही असं होऊ शकतं की शांत दिवसाचं बातमीपत्र कर्णबधिर माणसाला कळतं आणि वादळाचं कळत नाही.

आता सुटीमागचं कारणही प्रामाणिकपणे समजून घेऊ, नाहीतर आपली टीका फुकट जाते. थेट कॅप्शन देणं खरंच अवघड आहे. जगात त्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एकीत स्टेनो यंत्रावर बसलेला माणूस ऐकतो आणि टंकत जातो. दुसरीत एक माणूस निवेदकाचं बोलणं ऐकून तेच स्पष्ट उच्चारात, विरामचिन्हांसकट पुन्हा बोलतो आणि संगणक त्याचं लिखाण करतो. दोन्हींत काही सेकंदांचा उशीर होतो, दोन्हींना प्रशिक्षित माणसं लागतात, आणि मराठीत अशी माणसं घडवणारी व्यवस्था उभी राहिलेली नाही. मग सूट देणं वाजवी वाटतं.

पण ‘लाइव्ह’ ही एकच गोष्ट आहे का? वादळाच्या दिवशीचं कुठलंही प्रक्षेपण डोळ्यांपुढे आणा. समुद्रकिनारी छत्री सावरत उभा असलेला वार्ताहर खरोखर लाइव्ह आहे. तो पुढे काय बोलणार हे कुणालाच माहीत नसतं. पण स्टुडिओतला निवेदक बरंचसं समोरच्या प्रॉम्प्टरवरून वाचत असतो. हवामान खात्याचा इशारा लिखित येतो. जिल्हा प्रशासनाची सूचना लिखित येते. मदतीचा नंबर तासाभरात बदलत नाही. जीव वाचवणारी माहिती आधीच लिहिलेली असते आणि दिवसभर पुन्हा पुन्हा सांगितली जाते. तिला कॅप्शन देण्यासाठी स्टेनो लागत नाही, प्रॉम्प्टरवरचा मजकूर पडद्यावर आणावा लागतो. मानकांनी मोजमापाचं एकक म्हणून अख्खा ‘कार्यक्रम’ घेतला, म्हणून हा फरक त्यांना दिसलाच नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे.

एक उदाहरण करून पाहू. हे वाक्य मी रचलेलं आहे, पण टीव्ही पाहणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल: “आपण पाहू शकता, लाल रंगात दाखवलेल्या भागाला सर्वाधिक धोका आहे, या गावांतल्या नागरिकांनी दुपारी बारापूर्वी निवाऱ्यात जावं, मदतीसाठी पडद्यावरच्या नंबरवर फोन करा.” यात माहितीचे चार तुकडे आहेत: कुठे, कधीपर्यंत, काय करायचं, कुणाला विचारायचं.

अंध श्रोत्याला यातले दोनच मिळतात, ‘बारापूर्वी’ आणि ‘निवाऱ्यात जा’. ‘कुठे’ नकाशाच्या रंगात अडकलं, नंबर पडद्यावर राहिला. कर्णबधिर पण मराठी वाचणाऱ्या प्रेक्षकाला उलटे दोन मिळतात: नकाशावरची गावांची नावं आणि नंबर. कधी आणि काय, हे आवाजातच विरलं. खालच्या धावत्या पट्टीत ते असेलही, पण त्या क्षणी पट्टीवर दुसऱ्याच जिल्ह्याची बातमी सरकत असू शकते. एकाच वाक्यातून दोघांना अर्धी अर्धी बातमी मिळाली, आणि अर्धी बातमी दोघांच्याही कामाची नाही.

इथे अंध प्रेक्षकासाठी लगेच ऑडिओ डिस्क्रिप्शन सुचवलं जातं. चित्रपटात ते ठीक आहे. संवादांमधल्या रिकाम्या जागेत दृश्याचं वर्णन बसवता येतं. बातम्यांत रिकामी जागाच नसते, निवेदक अखंड बोलत असतो. म्हणून बातमीत वर्णन वेगळ्या ध्वनिमार्गावर टाकण्यापेक्षा निवेदकाच्या वाक्यातच यायला हवं. ‘आपण पाहू शकता’ऐवजी ‘अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन तालुक्यांना’, आणि ‘पडद्यावरच्या नंबरवर’ऐवजी नंबर दोनदा सावकाश वाचणं. यासाठी पैसे लागत नाहीत, संपादकीय सवय लागते. मात्र २०१९ ची मानकं कर्णबधिरांपुरतीच असल्यामुळे ही सवय लावायचं काम त्यांत येतच नाही.

सांकेतिक भाषेचं गणित आणखी वेगळं आहे. ‘कॅप्शन दिले की दुभाषा कशाला?’ हा प्रश्न मला सेमिनारमध्ये हमखास विचारला जातो. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांसाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पहिली भाषा असते आणि लिखित मराठी ही नंतर, बरेचदा अपुऱ्या शिक्षणातून शिकलेली. त्या भाषेचं व्याकरणही वेगळं. उदाहरणार्थ प्रश्नार्थक खूण साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते. धावत्या कॅप्शनचा वेग अशा वाचकाला झेपेलच असं नाही. त्याला दुभाषा हवा.

पण दुभाषा एकटा पुरेल का? दिवेआगर हे नाव तो कसं सांगणार? गावाची स्वतःची खूण स्थानिक कर्णबधिरांना माहीत असेल, दिल्ली-मुंबईत बसलेल्या दुभाष्याला नसेल. मग तो बोटांनी एकेक अक्षर दाखवतो, आणि ही बोटलिपी बहुतेक वेळा रोमन अक्षरांची असते. मराठी शाळेत देवनागरी शिकलेल्या माणसाला वेगाने जाणारी रोमन अक्षरं पकडायची, तीही कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत. म्हणून गावांची नावं आणि वेळा पडद्यावर देवनागरीत स्थिर हव्यात आणि सूचनेचा अर्थ खुणांमध्ये हवा. कॅप्शन आणि खुणा एकमेकांची जागा घेत नाहीत, एकमेकांची उणीव भरून काढतात.

मग फायदा कुणाचा? ‘कॅप्शनचा फायदा सगळ्यांनाच होतो’ हे वाक्य आपल्या क्षेत्रात फार लाडकं आहे. ते खोटं नाही. वय वाढल्यावर कमी ऐकू येणारी आजी, पत्र्यावर पाऊस कोसळत असताना टीव्ही बघणारं घर, नुकतं वाचायला लागलेलं मूल, सगळ्यांना उपयोग होतो. ब्रिज कोठारी यांनी १९९० च्या दशकात अहमदाबादच्या आयआयएममधून पुढे आणलेली ‘त्याच भाषेतल्या सबटायटल’ची कल्पना साक्षरतेच्या याच पायावर उभी आहे, आणि चित्रहारच्या गाण्यांखाली शब्द आले ते त्यातूनच. पण या युक्तिवादाची एक किंमत आहे. ऐकू येणाऱ्यांच्या सोयीवर कॅप्शनचं समर्थन उभं केलं की दर्जाही त्यांच्या गरजेपुरताच ठरतो. गाण्याचा एखादा शब्द चुकला तर ऐकणारा कानाने दुरुस्त करून घेतो. ‘बारापूर्वी’चं ‘बारानंतर’ झालं तर कर्णबधिर माणसाकडे दुरुस्तीचा दुसरा मार्ग नसतो. तेव्हा लाभार्थींची यादी लांबवत नेण्याआधी, चूक झाली तर सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं, हे विचारा आणि दर्जा त्याच्यावरून ठरवा.

या विषयावर प्रस्ताव लिहायचा असेल तर सुरुवात अशी करता येईल. कुठल्याही आपत्तीच्या दिवसाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या. त्यातले ‘कुठे, कधी, काय, कुणाला’ हे तुकडे वेगळे काढा. प्रत्येक तुकडा आवाजात आहे का, मजकुरात आहे का, खुणांमध्ये आहे का, आणि मजकूर किती सेकंद टिकला, याची नोंद करा. तीच नोंद दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे करून घ्या आणि दोघांचं कुठे जुळत नाही ते पाहा.

एक सापळा मात्र आहे. वाहिनीने यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ म्हणजे त्या दिवशी घरात दिसलेलं प्रक्षेपण नव्हे. यूट्यूबची आपोआप उमटणारी कॅप्शन टीव्हीवर नव्हती, आणि टीव्हीवरची पट्टी व्हिडिओत कापलेली असू शकते. हे न तपासता काढलेला निष्कर्ष पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

पुढची पायरी प्रेक्षकांकडे जाण्याची. तिथे “कॅप्शन आवडले का?” असं विचारू नका, सौजन्याने सगळे हो म्हणतात. ध्वनिफीत किंवा चित्रफीत संपल्यावर विचारा, “किती वाजेपर्यंत निघायचं? कुठल्या गावांनी?” कर्णबधिर व्यक्तीला हे सांकेतिक भाषेत विचारा, लेखी मराठीत नको, नाहीतर तुम्ही बातमीची समज तपासायला जाल आणि मराठी वाचनाची परीक्षा घेऊन याल.

आणि मानकांवर सूचना पाठवायची वेळ आली तर ‘लाइव्हची सूट काढा’ एवढंच लिहू नका. अवघड आहे म्हणून ते फेटाळलं जाईल. ‘आपत्तीच्या काळात प्रॉम्प्टरवरून वाचलेला मजकूर लाइव्ह समजू नये’ असं लिहा. ते नाकारायला दुसरं कारण शोधावं लागेल.