उदाहरणातली माणसं

क्रिश्तॉफ किश्लोव्स्कीच्या ‘डेकालॉग’ या पोलिश दूरचित्रवाणी मालिकेचा आठवा भाग मी आधी पाहिला. त्यात नीतिशास्त्राच्या वर्गात एक उदाहरण मांडलं जातं. नवरा मरणपंथाला लागलाय, बायको दुसऱ्याकडून गरोदर आहे. तो जगणार असेल तर तिला गर्भपात करायचाय. डॉक्टरांनी काय सांगावं? प्राध्यापिका म्हणतात, ते मूल जिवंत आहे. मला ते चर्चेपुरतं पुरलं.

मग दुसरा भाग पाहिला. तीच कथा, डॉक्टर शपथेवर सांगतात, तो मरणार. नवरा बरा होतो आणि बाप होणार म्हणून हरखतो. पुन्हा आठवा पाहताना प्राध्यापिकांचं ते वाक्य जड झालं.

दहाही कथांतली माणसं वॉर्सातल्या एकाच वसाहतीतली. तरी कथा सुट्या, कारण धारावाहिकात पुढचा भाग मागच्या निर्णयाचा निकाल लावतो. इथे पेच आपल्याकडेच उरतो. दुवा निकाल देत नाही. आठव्यात टपाल तिकिटं दाखवायला आलेला शेजारी दहाव्याच्या सुरुवातीला मेलेला असतो. ज्याला तो आठवतो, त्याच्यासाठी ती अंत्ययात्रा ओळखीच्या माणसाची असते.