येवल्याच्या गच्च्यांवरचे उसने पतंग

मंडळाच्या संक्रांत-पानासाठी एका सदस्याने येवल्याच्या गच्च्यांचं जोडचित्र केलंय. गच्च्या, माणसं, हातातली आसारी, सगळं फोटोतलं. आकाश रिकामं होतं म्हणून बारा पतंग संगणकावर चिकटवले. पार्से गावात आमची छपरं उतरती, कौलारू. त्यांवर चढून पतंग कोण उडवणार? म्हणून इथला वाचक हे चित्र पुरावा म्हणूनच बघेल. त्यामुळे तपासणं भाग पडलं.

पहिली खटकते ती मापं. फोटो 4000 चित्रबिंदू रुंद, आडवा दृष्टिकोन साधारण 60 अंश. अशा चित्रात अर्धा मीटर रुंद पतंग 60 मीटरवर असेल तर मध्यभागी जेमतेम 29 बिंदूंचा दिसतो. म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढा! चित्रातला लाल पतंग 300 बिंदूंचा आहे. हिशोब केला तर तो कॅमेऱ्यापासून सहा मीटरच्याही आत येतो, पण त्याचा दोरा मात्र दूरच्या तिसऱ्या गच्चीतून निघालाय. दोन्ही खरं कसं असेल?

दोरे तर पट्टीने आखलेत. मांजाला वजन असतं आणि वाराही त्याला ढकलतो. म्हणून दोरा खाली झोळ घेतो: हाताशी कमी चढा, पतंगाशी जास्त चढा. खेच दिली की झोळ कमी होतो, पतंगाची कमान ताणली जाते आणि पतंग नाकासमोर सरळ जातो. ढील दिली की दोऱ्याला पोट सुटतं, पतंग सपाट होऊन गिरक्या घेतो. चित्रात गिरकीतल्या निळ्या पतंगाला ताठ दोरा दिलाय, तो चालणार नाही. शिवाय दोन पतंग वाऱ्याविरुद्ध कललेत. एका आकाशात वारा एकच असतो ना!

एकावर एक येण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. दोरा जवळून निघून दूर जातो, त्यामुळे तो वाटेतल्या पतंगापुढून जाईल की मागून, हे त्या जागी दोरा किती लांब पोचलाय त्यावर ठरतं. इथे सगळे दोरे सगळ्या पतंगांच्या वरून काढलेत, कारण ते एकाच थरावर आहेत. प्रत्येक दोरा आडव्या येणाऱ्या पतंगाच्या कडेशी तोडून दोन थरांवर ठेवावा. जाडीसुद्धा सारखी नको. हातापाशी स्पष्ट, पुढे फिकट होत होत दिसेनासा. दोन कागदी पतंग एकमेकांवर आले तर मागून उजेड असताना तेवढा भाग गडद व्हायला हवा, तोही नाही.

एक मात्र छान जमलंय. दूरचे तीन पतंग धुरकट, फिकट ठेवलेत, आणि तेच खरे वाटतात. बाकीचे नऊ त्यांच्यासारखे लहान केले तर चित्र उभं राहील. पण खाली 'पतंग नंतर जोडले आहेत' एवढी ओळ हवीच.